ब्रूनोच्या चिपचा नंबर 977 ने का सुरू होतो?

प्रश्न: डॉक्टर, आमचा लॅब्रेडॉर ब्रूनो दोन वर्षांचा आहे. पिल्लू असताना पुण्यातल्या एका ब्रीडरकडून घेतला, तेव्हाच चिप बसवलेली होती. मुलगी म्युनिकला असते आणि सहा महिन्यांनी आम्ही ब्रूनोला घेऊन तिच्याकडे राहायला जाणार आहोत. लसीकरणाच्या पुस्तिकेत चिपचा नंबर 977500… असा टाइप केलेला आहे. सोसायटीतले एक काका म्हणाले, 977 हा नेपाळचा कोड, म्हणजे तुमचं पिल्लू नेपाळमधून चोरून आणलंय, जर्मनीत विमानतळावरच अडकेल. तेव्हापासून झोप उडाली आहे. भारताचा कोड नाही म्हणून काही अडचण येईल का? की जर्मनीचा नंबर असलेली नवी चिप बसवून घेऊ? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर: नवी चिप अजिबात बसवू नका. नेपाळचा आणि ब्रूनोचा काही संबंध नाही. मात्र तुमच्या पत्रात काळजी करण्यासारखी एक गोष्ट नक्की आहे आणि ती काकांनी सांगितली त्याहून वेगळी आहे. ती पहिल्या तीन आकड्यांत नसून चौथ्या आकड्यात आहे. त्याकडे येतोच, आधी 977 चं पाहू.

काकांनी टेलिफोनचा कोड लावला. नेपाळला फोन करताना 977 लावतात, तेवढं त्यांचं खरं. पण फोनची यादी वेगळी, दुकानातल्या मालावरच्या बारकोडची यादी वेगळी आणि प्राण्यांच्या चिपची यादी आणखी वेगळी. भारताचंच बघा. फोनवर आपण 91, बारकोडवर 890 आणि चिपच्या यादीत 356. नेपाळ चिपच्या यादीत 524 आहे. आणि तेच 977 बारकोडच्या जगात मासिकं-नियतकालिकांसाठी ठेवलेलं आहे. म्हणून चिपचे पहिले तीन आकडे गूगलमध्ये नुसते टाकले, की हमखास भलतंच उत्तर मिळतं.

चिपचा पंधरा आकडी नंबर दोन भागांचा असतो. पहिले तीन आकडे हा कोड आणि उरलेले बारा आकडे त्या प्राण्याचे. ही रचना ISO 11784 या आंतरराष्ट्रीय मानकात ठरलेली आहे. कोडच्या जागी देशाचा कोड येऊ शकतो किंवा चिप तयार करणाऱ्या कंपनीचा. दोन्ही एकदम कधीच येत नाहीत. कुठला आहे ते ओळखायला पहिला आकडा पुरतो. तो 9 असेल तर कोड कंपनीचा, 0 ते 8 मधला काहीही असेल तर देशाचा. याला अपवाद एकच, 999. तो चाचणीसाठी राखून ठेवलेला कोड आहे, खऱ्या प्राण्याच्या अंगात तो असायलाच नको.

ही विभागणी अशीच का, याचं उत्तर देशांच्या यादीत आहे. जगातल्या प्रत्येक देशाला ISO 3166 या यादीत तीन आकडी क्रमांक दिलेला आहे, आणि त्या यादीत 900 ते 999 एवढी जागा कुठल्याही देशाला न देता मोकळी सोडलेली आहे. चिपवाल्यांनी तीच मोकळी जागा कंपन्यांसाठी घेतली. त्यामुळे 9 ने सुरू होणारा देश यादीत नाहीच, आणि कंपनीचा कोड कुठल्या देशाशी जुळण्याचा प्रश्नच येत नाही. 977 हा अव्हिड या कंपनीचा कोड. 981 डेटामार्सचा, 982 ऑलफ्लेक्सचा, 985 डेस्ट्रॉन फिअरिंगचा. हे कोड आयकार ही पशुनोंदणी क्षेत्रातली आंतरराष्ट्रीय संस्था देते आणि तिची यादी सगळ्यांना पाहता येते.

गाडीचं उदाहरण घेतलं तर लगेच लक्षात येईल. नंबरप्लेटवरचं MH हे राज्य सांगतं, पण चेसिस नंबरची पहिली अक्षरं गाडी कोणी बनवली ते सांगतात. ब्रूनोच्या अंगात जो नंबर आहे तो चेसिस नंबरच्या जातीचा. तो कुठे जन्मला, कोणाचा आहे, कुठून आला, यातलं काहीही त्या 977 मध्ये नाही.

मग देशाचा कोड कधी येतो? ज्या देशात एखादी अधिकृत यंत्रणा “आमच्या देशात हा नंबर दुसऱ्या कुठल्याही प्राण्याला दिला जाणार नाही” याची जबाबदारी घेते, तिथेच तो वापरायचा असा नियम आहे. फ्रान्समध्ये अशी व्यवस्था आहे. तिथल्या कुत्र्या-मांजरांचा नंबर 25026 ने सुरू होतो. 250 म्हणजे फ्रान्स, 26 म्हणजे कुत्रा-मांजर वर्गातला पाळीव प्राणी, त्यापुढचे दोन आकडे चिप बनवणाऱ्याचे आणि शेवटचे आठ त्या प्राण्याचे. म्हणजे कोड देशाचा असला तरी कंपनी आत दडलेली असतेच.

अमेरिकेत याच्या उलट चित्र दिसतं. अमेरिकेचा कोड 840. तो तिथल्या सरकारी व्यवस्थेत गाईगुरांच्या टॅगसाठी वापरतात. घरोघरच्या कुत्र्या-मांजरांच्या चिपवर मात्र बहुतेक वेळा 985, 981 असे कंपन्यांचेच कोड असतात. त्यामुळे न्यू जर्सीत जन्मलेल्या कुत्र्याचा नंबर 840 ने सुरू होत नाही म्हणून तो अमेरिकेतला नाही असं कोणी म्हणत नाही. तसंच ब्रूनोच्या नंबरात 356 नाही म्हणून तो भारतातला नाही असंही म्हणता येत नाही.

जर्मनीतही कुणी 276 शोधत बसणार नाही. युरोपीय संघाचा नियम कोडबद्दल काही म्हणत नाही. चिप ISO च्या पद्धतीची असावी, म्हणजे तिथल्या स्कॅनरने वाचता यावी, आणि वाचलेला नंबर कागदावरच्या नंबराशी तंतोतंत जुळावा, एवढंच तो मागतो. यातली दुसरी अट तुमच्या बाबतीत मोडत होती.

आता चौथा आकडा. तुमच्या पुस्तिकेत 977 नंतर 5 आहे. असा नंबर ISO चिपमध्ये असूच शकत नाही. कारण सोपं आहे. चिपमध्ये आकडे आपल्यासारखे एकापुढे एक लिहिलेले नसतात, ते बिटमध्ये साठवलेले असतात. कोडसाठी १० बिट आणि पुढच्या बारा आकड्यांसाठी ३८ बिट. अडतीस बिटांत मावणारी सगळ्यात मोठी संख्या 274877906943. तिच्या पुढे चिप जाऊच शकत नाही. म्हणजे कोडनंतरचा पहिला आकडा, पंधरांतला चौथा, नेहमी 0, 1 किंवा 2 च असणार. तिथे 3 ते 9 पैकी काही दिसलं, की समजायचं, नंबर उतरवताना कोणीतरी चुकलं आहे. माझ्या मते चिपच्या नंबरात कोडपेक्षाही उपयोगी पडणारी हीच गोष्ट आहे, आणि ती दवाखान्यातल्या लोकांनाही सहसा माहीत नसते.

म्हणून तुमचं पत्र वाचल्यावर मी तुम्हाला जवळच्या दवाखान्यात ब्रूनोला स्कॅन करून स्क्रीनचा आणि पुस्तिकेच्या पानाचा फोटो पाठवायला सांगितलं. तुम्ही तत्परतेने पाठवलात. दोन्ही शेजारी ठेवले तर असं दिसतं (शेवटचे आकडे इथे मुद्दाम झाकले आहेत):

```
पुस्तिकेत:  977 500 0xx xxx xxx
स्कॅनरवर:  977 200 0xx xxx xxx
```

बाकीचे सगळे आकडे सारखे, फक्त 2 च्या जागी 5. कीबोर्डच्या आकड्यांच्या भागात 2 च्या बरोबर वर 5 असतो. बोट एक घर वर पडलं आणि ब्रूनो कागदोपत्री अशा नंबरचा कुत्रा झाला जो अस्तित्वातच येऊ शकत नाही. चोरीबिरी काही नाही, टायपिंगची चूक.

ही चूक आत्ता सापडली हे फार बरं झालं. भारत हा युरोपीय संघाच्या सवलतीच्या यादीत नसल्यामुळे जर्मनीला नेताना रेबीजच्या लसीवर भागत नाही, रक्ताची तपासणीही लागते. लस दिल्यापासून किमान ३० दिवसांनी रक्त काढायचं, ते युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत जायला हवं, प्रतिपिंडांचं प्रमाण ०.५ आययू प्रति मिली किंवा त्याहून जास्त यायला हवं, आणि रक्त काढल्या दिवसापासून तीन महिने थांबावं लागतं. या प्रत्येक कागदावर चिपचा नंबर येतो. पुस्तिकेतला चुकीचा नंबर प्रयोगशाळेच्या फॉर्मवर उतरला असता, तो अहवालात गेला असता, अहवालातून आरोग्य प्रमाणपत्रात गेला असता. म्युनिकला अधिकाऱ्याने स्कॅन केल्यावर 2 निघाला असता आणि कागद सगळे 5 वाले. त्याच्या दृष्टीने तुम्ही एका कुत्र्याचे कागद दाखवून दुसराच कुत्रा आणलेला आहे.

दुरुस्तीचा क्रम असा ठेवा. ज्या दवाखान्याने लस दिली तिथेच ब्रूनोला घेऊन जा. डॉक्टरांना तुमच्या समोर स्कॅन करायला सांगा आणि नंबर एकाने मोठ्याने वाचून दुसऱ्याने लिहू द्या. पुस्तिकेतला नंबर खोडून वर दुसरा लिहून घेऊ नका, खाडाखोडीकडे विमानतळावर पहिल्यांदा लक्ष जातं. नवी पुस्तिका घ्या किंवा दवाखान्याच्या लेटरहेडवर दुरुस्तीचं पत्र घ्या, त्यात योग्य नंबर, स्कॅन केल्याची तारीख, चिप बसवल्याची तारीख आणि लसीची तारीख हे सगळं असू द्या, सही-शिक्का असू द्या.

तारखांकडे नीट बघा. चिप आधी आणि रेबीजची लस नंतर, किंवा दोन्ही एकाच दिवशी, असंच चालतं. लस चिपच्या आधीची असेल तर ती युरोपच्या हिशेबी धरत नाहीत. ब्रूनोची चिप पिल्लू असतानाची आहे, त्यामुळे तिथे बहुधा अडचण नाही, पण चिप बसवल्याच्या तारखेचा कागद हातात आहे ना, हे तपासून घ्या. दवाखान्याने “तेव्हाची नोंद आमच्याकडे नाही” असं म्हटलं, तर मी तुमच्या जागी असतो तर वाद घालत बसलो नसतो. आज स्कॅन करून, नंबर लिहून, आजच पुन्हा रेबीजची लस द्यायची. तीस दिवस आणि पुढचे तीन महिने धरले तरी तुमच्या सहा महिन्यांत ते बसतं. रक्त मात्र कागद दुरुस्त झाल्याशिवाय काढू देऊ नका.

हे सगळं करताना आपल्याकडची एक खास गंमत सांभाळा, ती खरं तर गंमत नाही, घोटाळा आहे. चिपचा नंबर कधीही मराठी आकड्यांत लिहू देऊ नका. हाताने लिहिलेला मराठी १ आणि इंग्रजी 9 कित्येकदा हुबेहूब सारखे दिसतात. कॅनडाचा कोड 124. कोणी तो घाईत १२४ असा लिहिला आणि पुढच्याने इंग्रजी समजून वाचला तर तो 9 ने सुरू होतो, म्हणजे देशाचा कोड क्षणात कंपनीचा झाला. आणि पहिला आकडा 9 आहे की नाही यावरच तर सगळं ओळखायचं असतं.

दुसरा घोटाळा एक्सेलचा. नंबर एक्सेलच्या साध्या रकान्यात टाकला तर तो 9.772E+14 असा काहीतरी दिसतो आणि कोणीतरी तोच कॉपी करून पुढे पाठवतं. शिवाय काही देशांचे कोड शून्याने सुरू होतात. ऑस्ट्रेलिया 036, ऑस्ट्रिया 040, बेल्जियम 056. एक्सेल सुरुवातीचं शून्य गिळून टाकतं आणि पंधराचे चौदा आकडे राहतात. मेलबर्नहून परत आलेल्या एखाद्या मराठी कुटुंबाच्या मांजराचा नंबर चौदा आकडी आणि 36 ने सुरू होणारा दिसला, तर पुढे शून्य लावून बघा, बहुतेक तोच खरा नंबर. रकाना टाइप करण्याआधीच टेक्स्ट करून घेतला की दोन्ही त्रास जातात.

तुमच्यासारखाच प्रश्न ज्यांना 900 मुळे पडतो, त्यांच्यासाठी थोडं. मोठ्या कंपन्यांना स्वतंत्र कोड मिळतो, लहान कंपन्या मिळून 900 वापरतात. तिथे पहिल्या तीन आकड्यांवरून कंपनी कळत नाही, पुढचे तीन आकडेही वाचावे लागतात. याचं बोलकं उदाहरण अमेरिकेत २०२५ च्या सुरुवातीला दिसलं. सेव्ह धिस लाइफ नावाची चिप-नोंदणी कंपनी अचानक बंद पडली. तिच्या चिप 991 किंवा 900164 ने सुरू होत होत्या. 991 वाल्यांना लगेच कळलं, पण 900 वाल्यांना पुढचे 164 आहेत का ते बघावं लागलं. नुसता 900 पाहून घाबरलेल्यांपैकी कित्येकांची चिप दुसऱ्याच कंपनीची असणार. ज्यांची याच कंपनीची होती त्यांची चिप काही मेली नाही, स्कॅनरवर नंबर येतच होता. त्या नंबरापुढे मालकाचं नाव-फोन ठेवणारी वही बंद झाली होती. त्यांना तोच नंबर दुसऱ्या नोंदणीत टाकावा लागला.

यावरून कंपनीच्या कोडची मर्यादाही कळते. तो चिप कोणाची ते सांगतो, मालकाची नोंद कुठे आहे ते सांगत नाही. एका कंपनीची चिप दुसऱ्याच संस्थेत नोंदवलेली असणं अगदी नेहमीचं आहे. म्हणून रस्त्यावर सापडलेल्या कुत्र्याचा मालक शोधताना युरोपात युरोपेटनेटच्या संकेतस्थळावर किंवा अमेरिकेत आहा या पशुवैद्यकीय संघटनेच्या शोधपानावर पूर्ण नंबर टाकतात. त्या पानावरून बहुधा मालकाचं नाव मिळत नाही, कुठल्या नोंदणी संस्थेला फोन करायचा ते कळतं.

पंधरापेक्षा कमी आकडे असलेल्या जुन्या चिपही क्वचित भेटतात, नऊ आकडी किंवा आकडे-अक्षरं मिळून दहा. त्या ISO च्या आधीच्या पद्धतीच्या. त्यांत ना देशाचा कोड असतो ना हा 9 चा नियम लागतो, आणि युरोपात नेताना त्या वाचणारा स्कॅनर स्वतः बरोबर न्यावा लागू शकतो. आपल्या गाई-म्हशींच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर बारा आकडी नंबर असतो, त्यालाही हे काही लागू करू नका. ती व्यवस्थाच निराळी.

999 ने सुरू होणारी चिप निघाली तर मात्र दुसरी चिप बसवणं योग्य. स्वस्तात ऑनलाइन मिळणाऱ्या चिपमध्ये असा नंबर आढळू शकतो, आणि चाचणीचा नंबर असल्यामुळे तोच दुसऱ्या कुठल्या प्राण्यातही असू शकतो. तेव्हा जुनी काढायच्या फंदात पडायचं नाही, तांदळाच्या दाण्याएवढी काचेची कुपी शोधून काढायला कापाकापी करावी लागते. नवी बसवायची, दोन्ही नंबर कागदावर लिहायचे आणि रेबीजची लस नव्या चिपनंतर पुन्हा द्यायची. ब्रूनोला यातलं काहीच लागत नाही.

कागद दुरुस्त झाले की निघण्याआधी आणखी एकदा, दुसऱ्या दवाखान्यात, दुसऱ्या स्कॅनरने त्याला स्कॅन करून घ्या. मानेच्या मागे, दोन्ही खांद्यांच्या मध्ये हळूहळू फिरवायला सांगा. चिप कधीकधी खांद्याकडे सरकलेली असते, तिथे नाही मिळाली तर दोन्ही पुढचे पाय आणि छातीची बाजूही बघायला सांगा. मुंबईच्या पशु संगरोध कार्यालयात निर्यातीच्या प्रमाणपत्रासाठी जाल तेव्हा सगळ्या कागदांवरचा नंबर एका ओळीत ठेवून, आकडा आकडा बोट ठेवून, तुम्ही स्वतः जुळवा. लस, रक्ताचा अहवाल, आरोग्य प्रमाणपत्र, तिन्हींवर चौथा आकडा 2 च हवा.

आणि म्युनिकला पोचल्यावर पहिल्या आठवड्यातच तासो या जर्मन संस्थेत ब्रूनोची नोंद मुलीच्या पत्त्यावर आणि तिथल्या फोन नंबरवर करा. नोंदणी फुकट आहे आणि 977 ने सुरू होणारा नंबर तिथे बिनतक्रार चालतो.